जांघेच्या घडीत बघा

*माझी मुलगी ९ महिन्यांची आहे. कानाच्या इन्फेक्शनसाठी तिला ७ दिवस अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी पातळ शी सुरू झाली, दिवसातून सहा-सात वेळा, आणि दुसऱ्याच दिवशी ढुंगण लाल झालं. मी दर वेळी वाइप्सने नीट पुसते, आधीचं क्रीम पूर्ण काढते आणि नवीन लावते. तरी कातडी सोलवटली. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत लाली उतरली म्हणून बंद केली, तर दुप्पट होऊन परत आली. आता जांघेतही लाल आहे आणि पोटावर, मांड्यांवर सुटे ठिपके आलेत. अँटिबायोटिक संपलं, पण हे काही जात नाही. पुसताना ती इतकी किंचाळते की मलाच रडू येतं. सासूबाई म्हणतात, डायपर बंद कर, कापडी लंगोट वापर आणि पावडर लाव. ही बुरशी आहे का? आणि नेमकं काय करू? – एक आई*

हो, बहुतेक बुरशीच आहे. सुरुवात साध्या रॅशने झाली आणि सोलवटलेल्या कातडीवर नंतर बुरशी बसली, असं तुमचं वर्णन वाचून वाटतं. न बघता निदान करणं मला आवडत नाही, त्यामुळे तिच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. पण तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. बरंचसं तुमच्याच हातात आहे आणि त्यातलं काही तर पुढच्या डायपरपासून बदलता येईल. पहिलं म्हणजे ती ट्यूब बाजूला ठेवा. तिच्याकडे मी नंतर येते.

आधी कातडी सोलवटते कशाने, ते बघू. बराच वेळ पाण्यात हात घालून काम केलं की बोटांची टोकं पांढरी पडतात, सुरकुततात. त्या वेळी बोट खरबरीत जागी घासलं तर चटकन सोलतं. डायपरखालची कातडी दिवसाचे बरेच तास अशीच भिजलेली असते, आणि बाळ पाय हलवेल, रांगेल तसा डायपर तिच्यावर घासत राहतो. इथपर्यंत नुसती लाली येते. कातडी कच्ची होते ती शीमुळे. शीमध्ये प्रथिनं आणि चरबी पचवणारे पाचक रस उरलेले असतात. घट्ट शी आतड्यातून सावकाश येते, तोवर त्यांचा जोर बराच कमी झालेला असतो. पातळ शी धावत येते, त्यामुळे हे रस अजून कामावर असतात. आणि पचवायला समोर दुसरं काही नसलं की ते कातडीच पचवायला घेतात. त्यात शू मिसळली की आणखी वाईट. शीतले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, त्याने त्वचेवरची मूळची हलकी आम्लता नाहीशी होते, आणि आम्लता गेली की तेच पाचक रस अधिक जोमाने काम करतात. नुसत्या शूच्या डायपरला थोडा उशीर झाला तर एक वेळ चालेल, पण शीच्या डायपरला पाच मिनिटंही थांबू नका असं मी सांगते, ते एवढ्यासाठीच.

तुमच्या मुलीच्या बाबतीत अँटिबायोटिकने दोन्हीकडून काम केलं. एक तर शी पातळ केली. दुसरं, आतड्यातले जे जंतू बुरशीला दाबून ठेवतात तेही मारले. कॅन्डिडा नावाची ही बुरशी पुष्कळ बाळांच्या आतड्यात मुकाट्याने राहत असते, कुणाला तिचा पत्ताही नसतो. वरचे पहारेकरी गेले की ती वाढते, शीबरोबर बाहेर येते आणि ओल्या, उबदार, सोललेल्या कातडीवर आयती बसते. कान दुखत होता म्हणून औषध दिलं होतं, ते चुकलं असं मी म्हणत नाही. ज्यांच्या बाळाचं अँटिबायोटिक अजून सुरू आहे त्यांनीही रॅश पाहून ते परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना फोन करावा.

आता बुरशी ओळखायची कशी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दिवसाचा उजेड आणि दोन बोटं पुरतात. बाळाला खिडकीपाशी आडवं करा, डायपर उघडा, आणि मांडी जिथे पोटाखाली दुमडते ती जांघेची घडी दोन बोटांनी हलकेच उघडून आत बघा. साध्या रॅशमध्ये ही घडी बहुतेक वेळा वाचलेली असते. कुल्ल्यांचा फुगीर भाग, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोट, जिथे जिथे डायपर घासतो आणि शी-शू लागते, तिथे लाल. आणि घडीच्या तळाशी मात्र नेहमीच्या रंगाची एक रेघ. बाळाला लाल रंगात बुडवून काढलं आणि घडीत तेवढा रंग पोचला नाही, तसं दिसतं. बुरशीला नेमकी ती घडीच आवडते. तिथे हवा लागत नाही, ओल सुकत नाही. घडी तळापर्यंत लालबुंद, चकचकीत, ओलसर दिसली की माझा संशय पक्का होतो.

दुसरी खूण ठिपक्यांची. बुरशीच्या मोठ्या लाल पट्ट्याला ठळक कड असते, कधी कडेला बारीक पापुद्रा सुटलेला असतो, आणि कडेच्या बाहेर चांगल्या कातडीवर एकेकटे लाल पुरळ असतात. काहींच्या टोकाला टाचणीएवढा पू असतो, तो फुटला की भोवती पांढऱ्या पापुद्र्याची बारीक बांगडी उरते. मोठ्या गावाबाहेर वाड्या वसाव्यात तसं. साध्या रॅशची कड अशी नसते, ती हळूहळू विरत जाते. सावळ्या कातडीवर लाली तेवढी उठून दिसत नाही. जांभळट किंवा गडद तपकिरी दिसते. तिथे रंगापेक्षा चकाकी, कड आणि ठिपके यांच्यावर विसंबावं.

तिसरी खूण कॅलेंडरची. साधा रॅश नीट काळजी घेतली तर दोन-तीन दिवसांत उताराला लागतो. तीन दिवस मन लावून जाड क्रीम, वेळच्या वेळी डायपर, सगळं केलं आणि तरी तो तसाच असेल किंवा वाढत असेल, तर घडी आणि ठिपके फारसे स्पष्ट नसले तरी बुरशी धरून चालावं. "नीट काळजी घेतली तर" हे मात्र महत्त्वाचं. तुमच्याकडे काळजी कमी नव्हती, उलट ती जरा जास्तच झाली. त्याबद्दल पुढे लिहिते.

तिच्या तोंडातही एकदा बघा. जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखे पांढरे डाग असतील आणि ओल्या कापडाने पुसूनही निघत नसतील, तर तिथेही हीच बुरशी आहे, आणि त्याचं औषध वेगळं, तोंडात लावायचं असतं. तुम्ही अंगावर पाजत असाल आणि स्तनाग्रांची आग होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. दोघींवर एकदम उपचार झाले नाहीत तर बुरशी इकडून तिकडे फिरत राहते.

आता पुसण्याचं. माझ्या स्वतःच्या मुलीला सातव्या महिन्यात असाच रॅश झाला होता. बालरोगाची पदवी हातात असूनही मी दर वेळी क्रीमचा पांढरा थर पार निघेपर्यंत पुसत बसायचे. स्वच्छता म्हणजे कातडी दिसली पाहिजे, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं. वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरने माझा हात धरला आणि म्हणाली, "डॉक्टर, क्रीम पुसू नका, शी पुसा." तेव्हापासून मी हे वाक्य प्रत्येक आईला सांगते आहे. झिंक ऑक्साइडचं क्रीम चिवट असतं, पाण्याने जात नाही. तोच तर त्याचा उपयोग. ते काढायला जो जोर लावावा लागतो त्याने रात्रभरात आलेली नवी, नाजूक कातडीही त्याच्याबरोबर निघते. दिवसातून सहा-सात शी, म्हणजे सहा-सात वेळा जखम खरवडली जाते. मग ती भरणार कधी?

म्हणून आता असं करा. शी झाली की डायपरच्याच पुढच्या कोरड्या भागाने ढोबळ शी ओढून काढा. मग वाइप्स नकोत. साध्या वाइप्सही सोललेल्या जागी झोंबतात, सुगंध किंवा अल्कोहोल असलेल्या तर विचारायलाच नको. बारीक धार येईल अशी बाटली कोमट पाण्याने भरून ठेवा आणि बाळाखाली टॉवेल घेऊन वरून पाणी सोडा. बरीचशी शी हात न लावता वाहून जाते. टबात बसत असेल तर पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात बसवणं आणखी चांगलं. साबण लावायचाच असेल तर दिवसातून एकदा, सौम्य, बिनवासाचा. उरलेली चिकटलेली शी कापसाच्या बोळ्यावर लिक्विड पॅराफिन हे पातळ तेल घेऊन हलकेच सोडवा. त्याने झिंकचा वरचा घाण झालेला थर विरघळल्यासारखा सुटतो आणि खालचा स्वच्छ थर राहतो. तो राहू द्या. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या. टिपायचं म्हणजे कापड ठेवायचं, दाबायचं, उचलायचं, ओढायचं नाही. घडी उघडून तिथेही टिपा. जांघेतली ओल राहून जाते आणि बुरशीला तेवढी पुरते.

मग तिला दहा-पंधरा मिनिटं उघडं राहू द्या. खाली पाणी न झिरपणारी चादर, त्यावर सुती कापड. ती शू करेलच, करू दे. दिवसातून चार-पाच वेळा असा मोकळा वेळ मिळाला तर कातडी सुकते, आणि बुरशीला सुकी जागा मानवत नाही. दुपारची झोप यासाठी उत्तम, कारण तेव्हा तिच्यामागे धावावं लागत नाही.

त्यानंतर औषध आणि क्रीम, आणि यांचा क्रम चुकवू नका. बुरशीचं औषध कातडीला भिडलं पाहिजे, म्हणून ते आधी, पातळ. क्लोट्रिमाझोल १ टक्का किंवा मायकोनाझोल २ टक्के, दोहोंपैकी कोणतंही एक, आणि ट्यूबवर दुसऱ्या कुठल्याही औषधाचं नाव नको. लाल भागावर, घडीच्या तळापर्यंत, आणि कडेच्या बाहेरच्या त्या सुट्या ठिपक्यांच्याही थोडं पलीकडे, बोटाने हलकेच पसरा. दिवसातून दोन किंवा तीन वेळा पुरे. दर डायपरला लावल्याने ते लवकर काम करत नाही. ज्या वेळी हे लावायचं असेल तेव्हा त्या भागावर जुन्या झिंकचा जाड थर नसावा, म्हणून ती वेळ टबातल्या आंघोळीनंतरची, पॅराफिनने नीट साफ केल्यानंतरची ठेवा. बाकीच्या वेळी जुन्या झिंकवरच नवं झिंक.

औषध लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, ते जिरू द्या. मग वरून झिंक ऑक्साइड. इथे बहुतेक आया कंजुषी करतात. आपण चेहऱ्याला क्रीम लावतो तसं बोटावर थेंबभर घेऊन चोळून जिरवलं जातं आणि कातडी खालून गुलाबी दिसत राहते. असं क्रीम पहिल्या शूलाच हरतं. याचा गिलावा करायचा आहे. भिंतीची वीट दिसता कामा नये, तशी खालची लाली दिसता कामा नये. चोळू नका, थापा. घेताना पेस्ट किंवा ऑइंटमेंट लिहिलेलं घट्ट रूप बघा. झिंक ऑक्साइड साधारण २० ते ४० टक्के असलेलं चालतं, आणि कातडी कच्ची असताना जास्तीकडे झुका. त्यावर पेट्रोलियम जेलीचा एक हात फिरवा, म्हणजे पेस्ट डायपरला चिकटून निघून जात नाही. घरात झिंक नसेल तर नुसत्या पेट्रोलियम जेलीचा जाड थरसुद्धा पहिल्या रात्रीला पुरतो.

दिवसा दर दोन तासांनी डायपर उघडून बघा. शी झाली की तत्काळ. रात्री शी नसेल तर झोपमोड करून दर दोन तासांनी उठायची गरज नाही. झोपताना जाड थर द्या, नवा डायपर, आणि मधे एकदा बदला. डायपर एक माप मोठा घेऊन सैल बांधला तर घासणं कमी होतं. आणि दर वेळी आधी आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण ही बुरशी आपल्या बोटांवरून पुढच्या डायपरपर्यंत सहज जाते.

हे सगळं केलं तर काय दिसायला हवं, तेही सांगते, म्हणजे तुम्हाला दर तासाला उघडून बघावंसं वाटणार नाही. पहिल्या दिवशी लालीत फरक नसतो, पण किंचाळणं कमी होतं, कारण खरवडणं थांबलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओलसर चकाकी जाते, कातडी निस्तेज, कोरडी वाटू लागते. ठिपके आधी सुकतात, नवे येत नाहीत. मग मोठा पट्टा मधून फिका होऊ लागतो. घडी सगळ्यात शेवटी. साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत कातडी सरळ होते. फसगत होते ती इथेच: पाचव्या दिवशी छान दिसलं की औषध बंद होतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे. कातडी पूर्ण स्वच्छ दिसल्यावरही बुरशीचं औषध आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवा, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करा. झिंक तर शी नेहमीसारखी घट्ट होईपर्यंत सोडूच नका.

आता ती ट्यूब. नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती काय असेल याचा अंदाज आहे, कारण दर आठवड्याला तसली एखादी कुणाच्या तरी पिशवीतून माझ्या टेबलावर येते. उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोलच्या शेजारी बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल, तर ते स्टिरॉइड आहे. सोबतीला बहुधा निओमायसिन किंवा जेंटामायसिन हे अँटिबायोटिकही असतं. तिघं मिळून सगळंच बरं करतील, असा हिशेब असतो.

स्टिरॉइड लाली झपाट्याने उतरवतं, कारण लाली म्हणजे कातडीचा बंदोबस्त, आणि ते बंदोबस्तच मागे घेतं. बुरशी मात्र तिथेच असते, आता तिला अडवणारं कुणी नसतं. म्हणून थांबवल्यावर दुप्पट. त्यात जागा डायपरखालची. प्लॅस्टिकने झाकलेल्या, ओल्या, सोललेल्या कातडीतून कुठलंही औषध उघड्या हाताच्या मानाने कितीतरी जास्त आत शिरतं. एक सात महिन्यांचा मुलगा माझ्याकडे आला होता, महिनाभर तसलीच ट्यूब लावलेला. जांघेतली कातडी सिगारेटच्या कागदासारखी झाली होती, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, आणि बुरशी पार गुडघ्याकडे सरकली होती. फार दिवस लावलं तर हे स्टिरॉइड रक्तात जाऊन बाळाच्या स्वतःच्या ग्रंथींचं कामही मंदावू शकतं. तुम्ही दोन दिवसच लावलंत, त्याने असं काही झालेलं नसणार, तेव्हा त्याची रुखरुख लावून घेऊ नका. कधी कधी फार सूज असेल तर डॉक्टर अगदी सौम्य, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस लिहून देतात. ती गोष्ट वेगळी, ते मोजून दिलेलं असतं. दुकानातून स्वतःच्या मनाने मात्र नको.

डॉक्टरांकडे जायला तुमच्याकडे दोन-तीन दिवस आहेत, पण पुढच्यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी जा. ताप आला. पाण्याचे किंवा पूचे फोड आले, किंवा मधासारखी पिवळी खपली धरली. रक्त येऊ लागलं किंवा खोल खड्डे पडले. शीच्या जागेभोवती नाण्यासारखी रेखीव, भडक लाल कडी दिसली आणि ती शी करताना रडते, शीला रक्ताची रेघ लागते. अशी कडी बुरशीची नव्हे, तिथे बहुधा स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू असतात आणि त्यांना पोटातून अँटिबायोटिक लागतं, वरून कितीही क्लोट्रिमाझोल थापलं तरी फरक पडत नाही. आणि एक गोष्ट रॅशच्या नादात विसरली जाते: इतक्या पातळ शी होत असताना सहा-आठ तास शूच झाली नाही, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल आहे, तर रॅश राहू दे बाजूला, आधी शरीरातलं पाणी कमी झालं आहे का ते तपासून घ्या. बाळ महिन्या-दोन महिन्यांचं असतं तर मी घरी काही करत बसू नका असंच लिहिलं असतं.

बुरशीचं औषध नीट लावूनही आठवड्याभरात काहीच हललं नाही, तर तेच औषध आणखी आठवडा रेटू नका. निदानच वेगळं असू शकतं. डोक्यावर, कानामागे, काखेत तेलकट खपल्या असतील, किंवा तोंडाभोवती, हातापायांवरही तसाच रॅश असेल आणि केस गळत असतील, तर डॉक्टरांना तेही दाखवा. डायपरपुरतं बघून ते कळत नाही. यातला शेवटचा प्रकार शरीरात झिंक कमी पडल्याने होतो. झिंकचं क्रीम वरून लावून तो भरून निघत नाही, ते पोटात द्यावं लागतं.

राहिले सासूबाईंचे सल्ले. त्यांचं मूळ म्हणणं, की कातडीला हवा लागू दे, शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना तसं सांगा. डायपर पूर्ण बंद करून कापडी लंगोट बांधण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चांगल्या डायपरच्या आतली जेल शू ओढून धरते, वरचा थर बराचसा कोरडा राहतो. कापडी लंगोट शू शोषतो, पण ती तिथेच, कातडीला लागून राहते. पाच मिनिटांत बदलणारं कुणी सतत शेजारी असेल तर लंगोट उत्तम. रात्री, किंवा तुम्ही एकट्या असताना, या दोन आठवड्यांत डायपरच बरा. लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी चढवणं हे सगळ्यात वाईट. त्यात दोन्हींचे तोटे आहेत आणि फायदा एकाचाही नाही. लंगोट वापरलेच तर दोनदा खळबळून घ्या, साबण राहता कामा नये, आणि सुगंधी फॅब्रिक कंडिशनर नको.

पावडरीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. डबा झटकला की तिचा ढग बाळाच्या नाकासमोरच उठतो, श्वासातून फुप्फुसात जातो, आणि टाल्कमची बारीक पूड तिथे गेल्याने बाळांना गंभीर त्रास झालेले आहेत. शिवाय जांघेत ओलीबरोबर तिच्या वड्या होतात आणि त्याच वड्या कच्च्या कातडीवर घासतात. बोरिक पावडर घरात कुठे असेल तर तीही उचलून ठेवा, ती सोललेल्या कातडीतून अंगात भिनते आणि बाळांना विषासारखी बाधते.